एका चार्जिंगमधील पल्ला : एक हिशेब



विजेवर चालणाऱ्या मोटारीच्या पडद्यावर दिसणारा उरलेला पल्ला बहुधा मागील काही किलोमीटरांच्या वापरावरून काढलेला असतो. शहरातून संथपणे आलेली मोटार महामार्गाला लागली, की तो आकडा फसवा ठरतो. म्हणून पुढील प्रवासाचा हिशेब निघण्यापूर्वीच मांडणे इष्ट होय.

उदाहरणादाखल मे महिन्यातील जोधपूर ते जैसलमेर हा प्रवास घेऊ. वाटेत सुमारे १७० किलोमीटरवर पोखरण लागते. मध्यम आकाराच्या मोटारीच्या बॅटरीत ४० युनिट वीज आहे असे मानू. त्यातील ६ युनिट राखीव ठेवल्यास ३४ युनिट हाती उरतात.

चालक एकटा असताना व वातानुकूलन बंद असताना ताशी ८० किलोमीटर वेगाने अशा मोटारीला १०० किलोमीटरमागे सुमारे १२ युनिट लागतात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे वेग १०० केला, की हा विरोध दीडपटीहून अधिक होतो आणि एकूण वापर साडेपंधरा युनिटांवर जातो. सपाट रस्त्यावर ३०० किलोंच्या भाराने मात्र जेमतेम एका युनिटाची भर पडते. भाराचा खरा जाच चढावर जाणवतो.

वातानुकूलनाचा हिशेब निराळा आहे. ते वीज खाते ती अंतरावर नव्हे, तर वेळेवर. कडक उन्हात तासाला दीड युनिट धरले, तर ताशी १०० वेगाने १०० किलोमीटरमागे दीड युनिट खर्च होते, ८० वेगाने सुमारे दोन. परंतु ताशी २० वेगाने रखडत गेल्यास तब्बल साडेसात!

आता बेरीज करू. भार व वातानुकूलन धरून १०० वेगाला १८ युनिट लागतात व पल्ला सुमारे १९० किलोमीटर होतो. ८० वेगाला १५ युनिट लागतात व पल्ला सुमारे २२५ होतो. दोन्ही वेगांनी पोखरण गाठता येते, असे वाटेल. पण उन्हाळ्यात तेथे पश्चिमेकडील वारा समोरून येतो. हा वारा ताशी २० किलोमीटरचा असेल, तर १०० वेगाच्या मोटारीला हवा १२० वेगाची भासते, वापर साडेबावीस युनिटांवर जातो आणि पल्ला १५० वर येतो. म्हणजे पोखरणपूर्वीच राखीव विजेला हात घालावा लागतो. ८० वेगाने जाणारा मात्र त्याच वाऱ्यात १८५ किलोमीटर जाऊ शकतो.

वारा मोजण्याचे साधन जवळ नसले, तरी बॅटरीची टक्केवारी समोर असते. ८० वेगाने पहिल्या ५० किलोमीटरांत ती सुमारे १९ ने उतरावी. २३ ने उतरली, तर वारा समोरचा आहे असे समजावे आणि वेग ७० वर आणावा. वातानुकूलन बंद करून फार तर दोन युनिट वाचतात. वेग आवरला, तर त्याहून अधिक. पोखरणला चार्जिंगची सोय चालू असल्याची खात्री करूनच जोधपूर सोडावे, हेही त्याच हिशेबाचे अंग आहे.