खिडकीपुढची तीन मिनिटे



आपल्यापैकी तिघीजणी यंदा मुलांकडे अमेरिकेस जाणार आहेत, म्हणून वकिलातीतील मुलाखतीविषयी मी चार शब्द सांगावेत असे ठरले. मी सातवी शिकलेली. त्या खिडकीपुढे दोनदा उभी राहिले, एकदा नापास, एकदा पास, एवढाच माझा अधिकार.

पहिल्या वेळी मुलीचे दिवस भरत आले होते. फॉर्म भरून देणाऱ्या एजंटाने बजावले, "बाळंतपणाचे नाव काढू नका. फिरायला जाते म्हणा." फॉर्मातही त्याने तसेच घातले. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत काचेपलीकडच्या साहेबांनी विचारले, "काय पाहणार?" मला एका गावाचे नाव येईना. "किती दिवस?" "सहा महिने." सहा महिने कोण फिरते, बायांनो! मग साहेब यंत्रावर काही टिपू लागले. ती शांतता मला सोसवेना. न विचारताच मी घराची, शेताची, सासूबाईंच्या गुडघ्यांची हकीकत सांगत सुटले. पासपोर्ट परत मिळाला आणि सोबत नकाराचा छापील कागद. पहिले नातवंड मी फोनवरच पाहिले.

कागदावर कलम २१४(ब) होते. जावयांनी अर्थ सांगितला. येणारा माणूस तिथेच राहायला येतो आहे, असे तो कायदा आधी धरून चालतो. तसे नाही, हे पटवणे आपल्याकडे. त्या नकारावर अपील नाही, पण नवी फी भरून पुन्हा अर्ज करता येतो.

दोन वर्षांनी दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी फॉर्मातली ओळन् ओळ मी वाचून घेतली. पूर्वी नकार मिळाला होता का, या प्रश्नापुढे 'होय' लिहिले, कारण ती नोंद त्यांच्याकडे असतेच. मुलाखत मराठीत मागितली. या वेळी बाई होत्या.

"कशासाठी जाता?"

"मुलीच्या बाळंतपणासाठी."

"किती दिवस?"

"तीन महिने."

"खर्च कोणाचा?"

"तिकीट आमचे. राहणे मुलीकडे."

"मागे नकार का मिळाला?"

"बाळंतपणाचे सांगितले नव्हते. ते चुकले."

"घरी कोण?"

"यजमान आणि सासूबाई. यजमानांची इथे नोकरी आहे."

जावयांच्या पगाराचे विचारले, तेव्हा "नक्की आकडा मला माहीत नाही" म्हटले. एक प्रश्न कळला नाही, तर "बाई, पुन्हा सांगता का?" असे विचारले. त्यांनी सांगितला. मग त्या टिपू लागल्या. हात थरथरत होते, ते मी ओट्याखाली धरले आणि गप्प राहिले. टिपणे म्हणजे प्रश्न नव्हे, हे एव्हाना कळले होते. कागदांची जाड पिशवी नेली होती, ती कोणी उघडायलाही सांगितली नाही.

बाईंनी पासपोर्ट आत ठेवून घेतला. तिथल्या विमानतळावरच्या अधिकाऱ्यांनीही हेच विचारले, आणि मी हेच सांगितले.