शंभराला नंबरानं भागा

आज आम्ही चष्म्याबद्दल बोलणार आहोत. लांबचं बघायच्या नव्हे, जवळच्या कामाच्या चष्म्याबद्दल. आपल्याकडे त्याला चाळिशीच म्हणतात, आणि नाव अगदी बरोबर आहे. डोळ्यातलं भिंग लहानपणापासूनच हळूहळू कडक होत जातं, चाळिशी गाठली की ते जाणवायला लागतं. जवळचं बघताना त्याला फुगावं लागतं, ते फुगणं कमी होतं. मग सुईत दोरा जात नाही, तांदळातले खडे निवडताना सूप लांब धरावं लागतं. हा आजार नाही. हे सगळ्यांचंच होतं, कुणाचं दोन वर्षं आधी, कुणाचं नंतर.

आमच्या गटातल्या सात-आठ जणींनी आठवडी बाजारातून, रस्त्याकडेच्या पाटीवरून चष्मे घेतले होते. शंभर-दीडशे रुपयांना मिळतात. काहींचं छान चाललंय, काहींचं डोकं दुखतं. असं का, हे शोधायला आम्ही एका बैठकीला सगळे चष्मे आणि एक शिवणाची टेप घेऊन बसलो.

आधी आमच्या शिवणकाम करणाऱ्या वहिनींचं सांगतो. वय सत्तेचाळीस. पाटीवाल्यानं त्यांच्या हातात अक्षरांचा पुठ्ठा दिला आणि म्हणाला, "ताई, अडीच नंबर घ्या, लख्ख दिसेल." खरंच लख्ख दिसलं, अक्षरं मोठी दिसली. वहिनी खूश. पण घरी मशीनवर बसल्या की मान भरून यायची, पाठ दुखायची. त्यांना वाटलं, वय झालं.

आम्ही त्यांना मशीनवर नेहमीसारखं ताठ बसवलं आणि डोळ्यापासून सुईपर्यंत टेप धरली. अंतर भरलं ५० सेंटिमीटर. आता एक सोपा हिशेब ऐका. ज्यांना लांबचं बिनचष्म्याचं नीट दिसतं, त्यांनी शंभराला चष्म्याच्या नंबरानं भागायचं. जे उत्तर येईल, तितक्या सेंटिमीटरपर्यंतच त्या चष्म्यातून स्पष्ट दिसतं. त्याच्या पलीकडचं पुसट होत जातं. शंभर भागिले अडीच म्हणजे ४०. वहिनींची सुई ५० वर, चष्मा ४० वर संपतो. मधले १० सेंटिमीटर, म्हणजे चार इंच, त्या रोज वाकून भरून काढत होत्या. मानेचं दुखणं तिथून आलेलं.

मग त्यांना दुसऱ्या बाईंचा दीड नंबर लावून पाहिला. शंभर भागिले दीड, साधारण ६७. सुई स्पष्ट दिसली, पाठ टेकून बसता आलं, आणि टाका बघायला जरा पुढं झुकल्या तरी दिसत होतं. मोठी अक्षरं दिसतात म्हणून जास्त नंबर घेणं ही पाटीवरची नेहमीची चूक आहे. विकणाऱ्याला तुमचं काम किती अंतरावर आहे हे कुठून कळणार?

म्हणून बाजाराला जाताना आपलं काम सोबत न्या. सुई-दोरा, गटाची वही, मूठभर तांदूळ, जे तुमचं असेल ते. घरी काम करताना डोळ्यापासून ते किती लांब असतं, हे आधी मोजून घ्या. पाटीवर तेवढ्याच अंतरावर ते धरा. सुरुवात एक नंबरानं करा आणि पाव-पाव किंवा अर्ध्यानं वर चढा. ज्या नंबराला पहिल्यांदा आरामात दिसलं, तिथं थांबा. मग वस्तू चार बोटं जवळ आणा, चार बोटं लांब न्या. दोन्हीकडे दिसायला हवी. स्पष्ट बघायला वस्तू जवळ ओढावी लागली तर नंबर जास्त आहे. लांब सारावी लागली तर कमी आहे. दोन नंबरांत मन अडलं तर कमीचा घ्या.

आणि हे उन्हात उभं राहून करू नका. कडक उजेडात डोळ्याची बाहुली बारीक होते, त्यामुळे कमी नंबरातही बरं दिसतं. तोच चष्मा रात्री घरच्या दिव्याखाली पुरत नाही. सावलीत जाऊन बघा.

वयाचा अंदाजही आहे. चाळिशीच्या सुरुवातीला साधारण एक, पंचेचाळीसच्या पुढं दीड, पन्नाशीनंतर दोन, साठीच्या आसपास अडीच. पण हा फक्त अंदाज, शेवटचा शब्द तुमच्या कामाचा. नेहमीच्या वाचायच्या अंतराला तीन नंबरही पुरेना, तर पाटीवर आणखी वरचा शोधत बसू नका, डोळे तपासून घ्या.

आता हिशेब लिहिणाऱ्या मावशींची गोष्ट. दोन वर्षांत त्यांनी तीन चष्मे घेतले, दीडचा, दोनचा, अडीचचा. दर वेळी वाटायचं, थोडं तरी बरं. बैठकीत आम्ही त्यांना एकेक डोळा तळहातानं झाकायला सांगितलं. उजव्या डोळ्यानं वहीतले आकडे दिसले. डावा उघडा ठेवला, तर म्हणाल्या, "अगं, धूर झालाय का इथं?" तीनही चष्मे लावून बघितले, धूर काही हटला नाही. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा सगळं काम ओढतो, त्यामुळे दुसरा अधू झालेला कळतच नाही. ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांनी तपासलं, तर डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रिया झाली, आता त्या पुन्हा वही लिहितात.

चुकीच्या नंबरानं मोठ्या माणसाचा डोळा खराब होत नाही, डोकं दुखेल, डोळे थकतील एवढंच. मोठं नुकसान होतं ते मावशींसारखं: चष्मा बदलण्यात दिवस जातात आणि आतला आजार तसाच राहतो. काचबिंदू तर बहुतेक वेळा दुखतही नाही. म्हणून पाटीवर चष्मा घालून एकेक डोळा झाकून बघाच. दोन्ही डोळ्यांनी सारखं दिसलं नाही, किंवा बिनचष्म्यानं एसटीची पाटी वाचता येत नाही, किंवा साखरेचा त्रास आहे, तर आधी तपासणी.

पाटीवरच्या चष्म्यात दोन्ही काचा एकाच नंबराच्या असतात. तपासून केलेल्या चष्म्यात प्रत्येक डोळ्याचा नंबर वेगळा बसवता येतो, आडवा-तिरपा दोष असेल तर तोही भरून निघतो, आणि काचेचा मध्य तुमच्या बाहुलीसमोर येतो. ज्यांचे डोळे एकमेकांपासून फार जवळ किंवा लांब आहेत, त्यांना तयार चष्म्यात ताण पडतो तो याच कारणानं. पण तपासणीच्या चिठ्ठीवर लांबचा नंबर काही नसेल आणि जवळचा दोन्हीकडे सारखाच असेल, तर त्याच नंबराचा पाटीवरचा चष्मा घेतला तरी चालतो. महागाचाच हवा असं काही नाही. तपासणाऱ्याला आपल्या कामाचं अंतर मात्र सांगा, नाहीतर ते पुस्तक वाचायच्या अंतराचा नंबर लिहून देतील.

घेताना काच हातभर लांब धरून तिच्यातून दाराची चौकट बघा आणि काच हळू हलवा. चौकट कुठं एकदम वाकडी, लाटेसारखी दिसली तर तो चष्मा परत ठेवा. चाळिशी लावून चालू नका, पायरी चुकते. काच पदरानं कोरडी पुसू नका, धुळीनं चरे पडतात, आधी पाण्यानं धुवा. आणि काचेवरची नंबराची चिकटपट्टी काढून टाकायच्या आधी तो नंबर वहीत लिहून ठेवा. आमच्यातल्या निम्म्या जणींना आपला नंबर माहीतच नव्हता.