पेट्रोल मुठीतून सांडतं



मागच्या बैठकीत गटाचा हिशेब चालला होता. पापड-मसाल्याचा माल गावोगावी पोचवणाऱ्या आमच्या पाच जणी आहेत. वहीत सगळ्यात मोठा खर्च पेट्रोलचा निघाला. मी विचारलं, "कुणाची गाडी किती ॲव्हरेज देते?" पाचही जणी एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. आणि खरं सांगते, दोन वर्षांपूर्वी मलाही सांगता आलं नसतं.

याचं कारण साधं आहे. आपण पंपावर जातो आणि म्हणतो, "दादा, शंभराचं टाका." हल्ली शंभरात लिटरभरसुद्धा येत नाही. असं शंभर-शंभराचं टाकत गेलं की कधी किती गेलं ते कळतच नाही. म्हणून आधी मोजायचं कसं ते सांगते. एकदा टाकी फुल करायची. गाडी डबल स्टँडवर उभी करायची आणि पाइप आपोआप बंद पडला की थांबायचं, वरून आणखी भरायचं नाही. मीटरचा आकडा लिहून ठेवायचा. पुढच्या वेळी त्याच पंपावर, तशीच फुल करायची. या वेळी जितके लिटर बसले तितकं पेट्रोल आपण जाळलं. मधले किलोमीटर भागिले ते लिटर, हे आपलं ॲव्हरेज. एकदाच मोजून भागत नाही, तीन वेळा मोजा, म्हणजे आकड्यावर विश्वास ठेवता येतो.

माझ्याकडे शंभर सीसीची गिअरची मोटारसायकल आहे. घरात ती मी आणि माझे दीर, दोघंही चालवतो. मी मोजलं तेव्हा २१४ किलोमीटरला साडेचार लिटर लागलं होतं, म्हणजे साडेसत्तेचाळीसचं ॲव्हरेज. मी गाडी घेऊन थेट गॅरेजवर. गॅरेजवाल्या दादांनी प्लग बघितला, चेन बघितली, हवा बघितली आणि म्हणाले, काही दोष नाही. पण त्याच गाडीला दिरांच्या हातात साठच्या आसपास मिळायचं. मला वाटायचं, भाऊजी थापा मारतात. शेवटी एक दिवस ते माझ्या मागे बसून बाजारापर्यंत आले. उतरल्यावर म्हणाले, "वहिनी, गाडीत काही नाही. पेट्रोल तुमच्या मुठीतून सांडतंय."

मी काय करत होते ते ऐका. सुटतानाच मूठ पूर्ण पिळायची, गाडी झपकन पन्नासवर न्यायची आणि पुढे स्पीडब्रेकर आला की करकचून ब्रेक. पुन्हा पिळायची, पुन्हा ब्रेक. एकदम मूठ पिळली की इंजिन जादा पेट्रोल ओढतं, ते एक झालं. पण खरं नुकसान ब्रेकमध्ये आहे. पेट्रोल जाळून गाडीला जो वेग दिला, तो ब्रेक दाबला की नुसती उष्णता होऊन जातो. बाजारापर्यंत आमच्या रस्त्यावर अकरा स्पीडब्रेकर आहेत. म्हणजे अकरा वेळा मी विकत घेतलेला वेग फेकून देत होते.

आता मी पुढे बघून चालवते. स्पीडब्रेकर किंवा वळण दिसलं की लांबूनच, विजेचे दोन-तीन खांब आधी, मूठ सोडते. गाडी गिअरमध्येच ठेवते, ती आपोआप हळू होत जाते. ब्रेक अगदी शेवटी, नावाला. उसाची जोडट्रॉली पुढे असली तर तिच्या शेपटाला चिकटून पिळ-सोड, पिळ-सोड करत नाही. थोडं अंतर ठेवून तिच्याच चालीने जाते आणि रस्ता मोकळा दिसला की मगच पुढे काढते. मागून कुणी येतंय का ते आरशात बघायचं मात्र विसरू नका. आपण अचानक हळू झालो तर मागच्याला कळत नाही.

गिअरची माझी चूक उलटी होती. लवकर टॉपला टाकलं की पेट्रोल वाचतं असं मी ऐकलं होतं, म्हणून वीसच्या वेगालाच चौथा गिअर टाकायची. गाडी धडधडायची, चेन खडखडायची. मूठ पिळावी तर वेग वाढत नाही. असं झालं की समजा, गिअर वरचा आहे, एक खाली घ्या. याउलट इंजिन किंचाळल्यासारखं ओरडत असेल तर गिअर खालचा आहे, वर टाका. माझ्या गाडीला पहिला फक्त सुटण्यापुरता, दुसरा वीसपर्यंत, तिसरा पस्तीसच्या आसपास आणि त्यानंतर चौथा, हे बरोबर बसतं. मागे मालाची दोन पोती असली किंवा चढ असला तर प्रत्येक गिअर जरा उशिरा. आकड्यापेक्षा कान जास्त खरं सांगतो.

स्कूटीवाल्या म्हणतील, आम्हाला गिअरच नाही. बरोबर, तुमचा गिअर पट्टा स्वतःच बदलतो. पण मूठ पूर्ण पिळलेली राहिली तर तो इंजिनला जोरातच फिरवत ठेवतो. वेग आला की मूठ जराशी मागे घ्या. आवाज खाली येतो, वेग तोच राहतो. आणि चढावर थांबावं लागलं तर मुठीवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक धरा. नाहीतर क्लच घासत राहतो आणि पेट्रोल जागच्या जागी जळतं.

आता वेग. तालुक्याचा रस्ता चौदा किलोमीटर. साठने गेलं तर चौदा मिनिटं, पंचेचाळीसने गेलं तर एकोणीसच्या आत. फरक पाच मिनिटांचाही नाही. पण वाऱ्याचा विरोध साठला पावणेदोन पट होतो, आणि त्याला ढकलायला पेट्रोलच लागतं. पदर किंवा ओढणी नीट खोचा. फडफडणारं कापडही वारा धरतं, आणि चाकात गेलं तर पेट्रोलपेक्षा मोठं संकट.

या सवयी लावल्यावर महिन्याभराने मोजलं, तर २४६ किलोमीटरला ४.४ लिटर. छप्पन्नच्या जवळ. दिरांच्या साठला काही मी पोचले नाही, पण माझ्या मागे माल असतो, त्यांच्या मागे नसतो! महिन्याला माझं हजार किलोमीटर फिरणं होतं. आधी २१ लिटर लागायचं, आता १८. तीन लिटर वाचले, म्हणजे तीनशे रुपयांच्या वर.

एक सवय मात्र सोडायलाच सांगते. घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकायची किंवा इंजिनच बंद करायचं. आमच्यातल्या एक काकू हे वर्षानुवर्षं करत होत्या. एकदा निम्म्या घाटात मागचा ब्रेक तापून लागेनासा झाला. डोंगराच्या बाजूच्या मातीत गाडी घातली म्हणून वाचल्या, पण हात मोडला. दीड महिना घरी. २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांना इंजेक्टर आहे. उतारावर गिअरमध्ये मूठ पूर्ण सोडली की तो पेट्रोल तोडतो. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल द्यावंच लागतं. म्हणजे काकूंचं काही वाचतही नव्हतं. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत थोडं वाचेल, पण तेही चमचाभर. चढताना जो गिअर लागला, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनच गाडीला धरून ठेवतं.

आणि हे सगळं करूनही आकडा हलला नाही, तर गाडी डबल स्टँडवर लावून, इंजिन बंद ठेवून, न्यूट्रलमध्ये मागचं चाक हाताने फिरवून बघा. ते मोकळं फिरत नसेल, लगेच थांबत असेल, तर ब्रेक घासतोय किंवा चेन फार ताणली आहे. मग गॅरेजवाल्या दादांकडे जा. जाताना वही घेऊन जा, तारखा आणि आकडे दाखवा.

सोमवारच्या बैठकीला पाचही जणींनी पहिल्या टाकीचा आकडा आणायचा आहे.