कारागिराचे पत्र आणि चार छायाचित्रे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चालकांनी मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विद्यार्थ्यांच्या गुणगौरवास साजेसे काही बोलावे अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु माझ्या मनात गेले वर्षभर एक निराळाच विषय घोळत आहे, आणि तो आपल्या तांबटकामाशी निगडित असल्यामुळे येथेच मांडणे उचित होय असे मला वाटते. कारागिराने आपले काम बुटीकच्या मालकापुढे किंवा संग्रहालयाच्या क्युरेटरपुढे पत्राने कसे ठेवावे, हा तो विषय. बुटीक म्हणजे निवडक वस्तूंचे छोटे दुकान. क्युरेटर म्हणजे संग्रहालयात अथवा प्रदर्शनात काय मांडावयाचे याची निवड करणारा जाणकार.

आपले भांडे आजवर तराजूवर विकले गेले, हे कसब्यातील तांबट आळीत वाढलेल्या कोणासही सांगावयास नको. भांड्यांचा व्यापारी वजन करतो, पत्र्याची किंमत धरतो आणि वर किलोमागे मजुरी देतो. एक उदाहरण घेऊ. दहा इंच तोंडाचे, दोन कड्यांचे एक घंगाळ आहे. तयार वजन एक किलो दोनशे ग्रॅम. मजुरी किलोला ४०० रुपये धरली, तर कारागिराच्या हाती ४८० रुपये पडतात. आता तेच घंगाळ बारीक मठार घालून, काठ वळवून, उजळा देऊन नीट पुरे करावयाचे तर दोन दिवस लागतात. मठारकामात जितका जीव ओतावा तितका तोटा अधिक, असा हा व्यवहार आहे. कारण तराजूला मठार दिसत नाही. ज्याला तो दिसतो असा गिऱ्हाईक गाठणे, एवढाच या पत्राचा हेतू.

आपल्या ज्ञातीतील एका तरुणाने असे पत्र ई-मेलने धाडले होते. चाळीस दुकानांना एकच मजकूर गेला आणि चाळीसही पत्ते वरच्या ओळीत सर्वांना दिसत होते. “आम्ही तीन पिढ्यांपासून सर्व प्रकारच्या तांब्याच्या वस्तूंचे उत्पादक व पुरवठादार असून एकवार सेवेची संधी द्यावी ही नम्र विनंती,” असा मायना. सोबत गच्चीवर उन्हात काढलेली बावीस छायाचित्रे. एकाही दुकानाचे उत्तर आले नाही. मी जन्मभर मुलांना पत्रलेखन शिकविले, म्हणून तो ते पत्र घेऊन माझ्याकडे आला. भाषेत चूक नव्हती. परंतु वाचणाऱ्याने काय घ्यावे, किती रुपयांस घ्यावे आणि ते केव्हा मिळेल, यांपैकी कशाचाही त्यात पत्ता नव्हता. “सर्व प्रकारच्या वस्तू” या शब्दांवरून तर दुकानदारीणबाईंनी हा घाऊक व्यापारी असावा असाच तर्क केला असणार.

आम्ही प्रथम पत्र बाजूला ठेवून किंमत मांडली; ती निश्चित नसता पत्र लिहू नये असे माझे मत आहे. कातरणीसकट पत्रा १,४०० ग्रॅम, किलोला १,००० रुपये धरून १,४०० रुपये. दोन दिवसांची मजुरी दररोज ९०० प्रमाणे १,८००. कड्या, इंधन, उजळा आणि बांधणी मिळून ४००. एकूण ३,६०० रुपये. त्यावर ६०० रुपये नफा धरून दुकानास द्यावयाची किंमत ४,२०० ठरली. दुकान सामान्यतः खरेदीच्या दुप्पट किंमत लावते, म्हणजे गिऱ्हाइकास ते घंगाळ ८,४०० रुपयांस पडेल. हे ऐकून त्याच्या आईने कपाळावर हात मारला! परंतु त्या दुप्पटीत दुकानाचे भाडे, नोकरांचे पगार आणि न खपलेल्या मालाचा भार असतो. येथे एक पथ्य मात्र कडक आहे. दुकानात ८,४०० ची चिठ्ठी लागली असता आपल्या दारी आलेल्या पाहुण्यास तेच घंगाळ पाच हजारांस देऊ नये. ही गोष्ट दुकानदाराच्या कानी गेल्यावाचून राहत नाही, आणि मग दुसरी मागणी येत नाही.

नंतर छायाचित्रे. तांबे हे छायाचित्रास फार अवघड, कारण उजळलेले भांडे आरशासारखे असते. त्या बावीस चित्रांतील कित्येकांत भांड्याच्या पोटावर छायाचित्रकाराचा निळा सदरा दिसत होता! फ्लॅश मारला की मधोमध पांढरा डाग पडतो आणि समोरच्या उजेडाने मठाराच्या खुणा पुसल्या जातात. आम्ही ऊन थेट न येणाऱ्या खिडकीशी टेबल ठेवले, त्यावर व मागे पांढरी चादर सोडली, घरातील दिवे बंद केले आणि खिडकीचा उजेड भांड्यावर एका बाजूने, तिरपा पडू दिला. तिरप्या उजेडात हातोडीच्या प्रत्येक ठोक्याची एक कड उजळते व दुसरी सावलीत जाते. तेव्हाच मठार उठून दिसतो. रंगाची परीक्षा सोपी आहे. भांड्याशेजारी पांढरा कागद ठेवून एक चित्र घ्यावे; कागद पिवळा दिसला तर तांबेही पितळेसारखे दिसत आहे असे समजावे. उजळा दिल्यावर भांडे उघड्या हाताने धरू नये, सुती फडक्याने धरावे. बोटांचे ठसे चित्रात लख्ख उमटतात.

बावीसांतून चारच चित्रे ठेवली. पहिले संपूर्ण घंगाळाचे, शेजारी काही नसलेले. दुसरे मठाराचे, अगदी जवळून. तिसरे आतील बाजूचे. हे कशासाठी, असे त्याने विचारले. ठशाने दाबून काढलेल्या पत्र्याचीही ‘मठारलेली’ भांडी बाजारात येतात. त्यांत नक्षी ठराविक अंतराने जशीच्या तशी पुन्हा येते आणि बहुधा आतूनही उंचवटे जाणवतात. हाताच्या मठारात ओळी भांड्याभोवती फिरतात, ठोके एकमेकांवर किंचित चढतात, आणि भांडे लोखंडी आधारावर ठेवून बाहेरून ठोकले असल्यामुळे आतील अंग बरेच सपाट राहते. जाणत्या खरेदीदारास हा भेद तिसऱ्या चित्राने कळतो. चौथे चित्र घंगाळात पाणी व फुले घालून, कडीवर हात ठेवून घेतले, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. व्हॉट्सॲपवरून चित्र धाडल्यास ते आक्रसते आणि मठार पुसट होतो, म्हणून तेथे ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. चित्रांचा दुवा दिला तर तो आधी दुसऱ्याच्या फोनवर उघडून पाहावा. परवानगी मागणारा दुवा कोणीही दुसऱ्यांदा उघडीत नाही.

मग पत्र. चाळीस दुकाने सोडून पाच निवडली. त्यांपैकी तिघांत तो स्वतः जाऊन आला, कोणत्या वस्तू कोणत्या किमतीस आहेत ते पाहिले आणि खरेदी कोण करते त्यांचे नाव विचारून घेतले. एका दुकानास लिहिलेले पत्र असे होते:

“विषय: हाताने मठारलेले तांब्याचे घंगाळ, पुणे.

मान्यवर बाई, गेल्या आठवड्यात आपल्या दुकानातील मातीच्या फुलदाण्या पाहिल्या. त्यांच्या शेजारी शोभेल असे घंगाळ मी व माझे वडील कसबा पेठेत हाताने घडवितो. तोंड १० इंच, उंची ५ इंच, वजन सुमारे १.२ किलो. फुले व पाणी ठेवण्यासाठी. आतून कल्हई नाही, म्हणून खाद्यपदार्थांसाठी नव्हे. आपणांस किंमत ४,२०० रुपये. किमान ४ नग. मागणीपासून तीन आठवड्यांत पोहोच. चार छायाचित्रे सोबत आहेत. सोयीच्या दिवशी एक नग दाखविण्यास घेऊन येऊ का?”

खाली नाव, पत्ता, फोन. बस्स. तीन पिढ्यांचा उल्लेख मी गाळावयास लावला, त्याचे त्याला वाईट वाटले. परंतु ‘मी व माझे वडील’ या चार शब्दांत तो आलाच आहे. कल्हईचे वाक्य मात्र काही केल्या गाळू नये. कल्हई नसलेल्या तांब्यात कोणी दही किंवा चिंचेचा सार ठेवला तर तो कळकतो, आणि दोष दुकानाच्या माथी येतो. ही गोष्ट आधी सांगणारा कारागीर त्यांना विश्वासाचा वाटतो.

पत्र केव्हा धाडावे यालाही महत्त्व आहे. दिवाळीचा माल दुकाने पावसाळ्यातच ठरवितात. आश्विनात लिहिलेले पत्र त्या वर्षापुरते व्यर्थ होय. उत्तर न आल्यास दहा-बारा दिवसांनी दोन ओळींचे स्मरणपत्र एकदाच लिहावे. त्यानंतर नवे काम झाल्याशिवाय लिहू नये.

क्युरेटरास हेच पत्र चालत नाही. संग्रहालय दुकानासारखी खरेदी करीत नाही. तेथे समित्या असतात आणि प्रदर्शने पुष्कळ आधी ठरतात. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की तेथे दिवे, अडकित्ते, भांडी अशा घरगुती वस्तूंनाच मान आहे. अशा ठिकाणी नगांची संख्या व पोहोच लिहिणे अप्रस्तुत. तेथे वस्तूचे नाव, धातू, मापे, कोणत्या वर्षी व कोणी घडविली, आणि कोणत्या रीतीने, हे लिहावे. फुलांच्या चित्राऐवजी ऐरणीवर काम चाललेले चित्र द्यावे. किंमत त्यांनी विचारल्यावर सांगावी. जुने भांडे आजोबांचे असेल तर तसे, आणि नवे असेल तर नवे म्हणून स्पष्ट लिहावे. नव्याला जुनेपणाचा रंग चढविलेला जाणत्यास ओळखू येतो.

पाचांपैकी दोघांचे उत्तर आले. एकाने विक्रीनंतर पैसे देण्याच्या बोलीवर माल मागितला. अशा बोलीत दुकान सामान्यतः विक्री किमतीच्या ४० ते ५० टक्के ठेवते. ही बोली अगदीच वाईट नव्हे, परंतु नगांची यादी, पैसे देण्याची तारीख, आणि भांडे पोचले किंवा हरवले तर भरपाई कोणाची, एवढे कागदावर सहीनिशी हवे. त्या दुकानदाराने सही देण्याचे टाळले, म्हणून माल दिला नाही. दुसऱ्या दुकानाच्या बाईंनी नग हातात घेऊन पाहिला आणि तीन आठवड्यांत तीस मागितले. एका घंगाळास एका माणसाचे दोन दिवस, कामाला दोन माणसे, म्हणजे रोज एक. तीन आठवड्यांत सुट्ट्या वगळून अठरा. त्यात आधी घेतलेल्या कल्हईच्या कामाचे दिवस गेले. त्याने बारा कबूल केली आणि उरलेल्यांना पुढील महिन्याची तारीख दिली. बाईंनी बारा घेतली, निम्मे पैसे आगाऊ दिले, आणि पुढच्या खेपेस तोंड आठ इंचांचे करता येईल का असे विचारले आहे. त्या मापाचा नमुना सध्या ऐरणीवर आहे.