चांदणी केव्हा द्यायची?

(रौप्यमहोत्सवी सप्ताहात सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला सांगितलं, ‘बाई, मुलांना वळण कसं लावावं यावर बोला.’ एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, पण या विषयावर उपदेश करायचा मला अधिकार नाही, कारण एका मुलाच्या बाबतीत मी चांगलीच चुकले होते. त्या मुलाचीच गोष्ट सांगते. नाव बदललंय, त्याला आपण मन्या म्हणू.

तिसरीचा वर्ग, बावन्न मुलं. मन्या हुशार, पण गणिताची वही उघडायचा नाही. त्यातून दर दोन मिनिटांनी जागेवरून ओरडायचा, ‘ओ बाई, बघा ना!’ बघावं असं काही नसायचंच. खिडकीवर कावळा, नाहीतर शेजारच्याची पेन्सिल.

आधी वहीचं बघू म्हणून मी जूनमध्ये ठरवलं, याने एक गणित सोडवलं की लगेच जायचं आणि वहीत लाल पेनाने चांदणी काढायची. प्रत्येक गणिताला एक चांदणी. आठवड्यात मुलगा लिहायला लागला! मी खूश. मग मी तापाने चार दिवस रजेवर गेले. बदली बाईंना चांदणीचं काही ठाऊक नव्हतं. परत येऊन वही पाहिली, तर पहिल्या दिवशी चार गणितं, दुसऱ्या दिवशी एक, नंतर कोरी पानं.

बी.एड.ला असताना मानसशास्त्राच्या पुस्तकात बी. एफ. स्किनर या अमेरिकन शास्त्रज्ञाबद्दल वाचलं होतं. ते पुस्तक माळ्यावरून काढलं. एखाद्या वागण्यानंतर जे मिळाल्यामुळे ते वागणं वाढतं, त्याला तिथे ‘प्रबलन’ म्हटलंय. स्किनर उंदरांवर प्रयोग करायचे. उंदराने दांडी दाबली की खाण्याची एक गोळी. या गोळ्या ते स्वतःच बनवायचे. एका शनिवारी त्यांच्या लक्षात आलं, की दुपारभर गोळ्या बनवत बसलो नाही तर सोमवारपर्यंत साठा संपेल. मग त्यांनी विचार केला, प्रत्येक वेळी गोळी द्यायलाच हवी का? मिनिटाला एकच दिली तर? उंदीर दांडी दाबतच राहिले. पुढे चार्ल्स फर्स्टर यांच्याबरोबर त्यांनी याच एका प्रश्नावर, म्हणजे बक्षीस केव्हा द्यायचं यावर, जाडजूड ग्रंथ लिहिला. तो १९५७ साली आला.

मन्याला मी देत होते ते ‘सतत प्रबलन’. नवी सवय लावायला ते उत्तम, पण चांदणी बंद झाली की मुलाला लगेच कळतं आणि सवयही लगेच सुटते.

म्हणून जुलैत नियम बदलला. पाच गणितांना एक चांदणी. याला ‘स्थिर गुणोत्तर’ म्हणतात. मन्या पाच गणितं धडाधड सोडवायचा, चांदणी घ्यायचा आणि मग खिडकीबाहेर बघत बसायचा. चांगली पाच-सात मिनिटं. मला वाटायचं आळस, पण पुस्तकात हेच लिहिलं होतं. बक्षीस मिळालं की विश्रांती, कारण पुढचं बक्षीस लांब असतं. मी उत्साहात पाचावरून एकदम पंधरावर गेले, तेव्हा त्याने वही मिटून दप्तरात टाकली. हळूहळू वाढवायला हवं होतं. पाच, सहा, आठ असं. ती चूक माझी.

मग घड्याळ लावून पाहिलं. दहा मिनिटं झाल्यावर जे पहिलं गणित सुटेल, त्याला चांदणी. पस्तीस मिनिटांच्या तासाला तीन. हे ‘स्थिर कालांतर’. मन्याला अजून घड्याळ नीट वाचता येत नव्हतं, पण दहा मिनिटं त्याला बरोबर कळायची! सात मिनिटं स्वस्थ, मग पेन्सिलीला टोक, आणि शेवटच्या दोन मिनिटांत लगबग. हसू नका मंडळी, ऑडिटर यायच्या आधीच्या आठवड्यात आपल्या ऑफिसातले दिवे किती वाजेपर्यंत चालू असतात ते मी बी विंगच्या गॅलरीतून बघते.

तेव्हा ही वेळ मी बदलती ठेवली. कधी चार मिनिटं, कधी पंधरा. लगबग गेली. संथ, पण सलग काम सुरू झालं, कारण कुठलंही गणित चांदणीचं असू शकत होतं. शेवटी गणितांचा आकडाही बदलता केला. कधी दोन गणितांना चांदणी, कधी आठ, सरासरी पाच. हे ‘बदलतं गुणोत्तर’. आता तो थांबेचना. चांदणी घेऊन लगेच पुढचं गणित, कारण पुढच्या दोनातच मिळेल, काय सांगावं? लॉटरीचं तिकीट घेणारा माणूसही याच आशेवर पुन्हा घेतो. सप्टेंबरमध्ये मी दोन दिवस रजेवर होते, तर दोन्ही दिवसांची पानं भरलेली होती.

इथे गोष्ट संपली असती तर मी आज ऐटीत बोलले असते. पण ‘ओ बाई, बघा ना’ चालूच होतं. उलट वाढलं होतं. बाकीच्या मुलांचा खोळंबा व्हायचा, पालक तक्रार करायला लागले, आणि या मुलाला दुसऱ्या तुकडीत हलवावं अशी शाळेत चर्चा सुरू झाली. मी त्याला रागवायचे, उभं करायचे. उपयोग शून्य.

एके दिवशी मी मोजायचं ठरवलं. टेबलावर दोन डब्या ठेवल्या. मन्या ओरडला की एक चिंचोका या डबीतून त्या डबीत. आणि मी त्याच्याकडे बघितलं किंवा बोलले की वहीत एक रेघ. तासाभरात एकवीस चिंचोके, पाच रेघा. मी दुसऱ्या हाकेला वळले होते, मग सहाव्या, मग तिसऱ्या, मग सातव्या. रेघांकडे बघता बघता मी खुर्चीत बसलेच. हे तर बदलतं गुणोत्तर! मी कुठलं बक्षीस देत होते? ‘काय रे कार्ट्या!’ एवढंच. पण घरी नुकतंच तान्हं बाळ आलेल्या त्या मुलाला बाईंनी आपल्याकडे बघणं हेच हवं होतं. माझं रागावणं म्हणजे त्याची चांदणी होती.

म्हणजे जे टिकवायचं होतं, ते मी सुरुवातीला दर वेळी बक्षीस देऊन नाजूक ठेवलं. आणि जे घालवायचं होतं, ते अधूनमधून खतपाणी घालून चिवट केलं. तेही नकळत, रोज.

मग ठरवलं, अजिबात लक्ष द्यायचं नाही. याला ‘विलोपन’ म्हणतात. पहिल्या दिवशी चौतीस चिंचोके. दुसऱ्या दिवशी एक्केचाळीस, आणि शेवटी तो बाक बडवायला लागला. माझा संयम सुटला. मी ओरडले, ‘काय आहे रे तुझं?’ तो शांत झाला. तिसऱ्या दिवशी आल्या आल्या त्याने बाकच बडवला. हाका मारण्यात वेळच घालवला नाही! बक्षीस बंद झालं की वागणं विझायच्या आधी असं भडकतं. त्या भडक्याला मी उत्तर दिलं आणि त्याला शिकवलं, की नुसतं ओरडून चालत नाही, बडवावं लागतं.

दुसऱ्या खेपेला शहाणी झाले. नुसतं दुर्लक्ष करून भागत नाही. मुलाला जे हवंय ते मिळण्याची दुसरी वाट द्यावी लागते. मी वर्गात सांगितलं, हात वर केला की मी येईन. मन्याचा हात वर गेला की मी अक्षरशः धावायचे. पहिला आठवडा दर वेळी. नंतर कधी नुसती मान हलवायची, कधी दोन मिनिटांनी जायचं. ओरडलं तर मात्र उत्तर नाही, नजरसुद्धा नाही. दुपारच्या तासाच्या बाईंनाही विनवलं, कारण एक देते आणि एक देत नाही असं झालं की पुन्हा तीच लॉटरी. तीन आठवडे लागले. चिंचोके दोन-तीनवर आले. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी पुन्हा नऊ हाका! मी दचकले, पण हेही होतं. विझलेलं वागणं काही दिवसांनी एकदा डोकं वर काढतं. उत्तर दिलं नाही, तीन दिवसांत गेलं. तुकडी बदलायचा विषय मागे पडला.

दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात. एक, मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल तर दुर्लक्ष करायचं नसतं, आधी थांबवायचं. दुसरी, मन्याला चित्रं काढायला मनापासून आवडायची. त्याच्या चित्रांना मी एकही चांदणी दिली नाही. अमेरिकेत १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, चित्रं काढण्याची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना ‘चित्र काढलंत तर बक्षीस’ असं आधी सांगून बक्षीस दिलं, तेव्हा नंतर मोकळ्या वेळेत ती मुलं चित्रांकडे कमी वळली. जे आपसूक चाललंय, तिथे चांदणी घेऊन जाऊ नये.

आता आपल्याकडे. परवा लिफ्टमध्ये एक नातू आजोबांना म्हणत होता, ‘आबा, मोबाइल द्या ना.’ तळमजल्यापासून सुरुवात. आबा तीनदा ‘नाही’ म्हणाले, चौथ्या मजल्यावर रडणं, पाचव्यावर मोबाइल. आबांना वाटलं, आपण बराच वेळ ताणून धरलं. नातू शिकला तो असा, की पाचव्या मजल्यापर्यंत रडावं लागतं. उद्या आबा सातव्यापर्यंत थांबतील, परवा दुसऱ्यावरच देतील, आणि सवय पक्की होईल.

तेव्हा द्यायचं असेल तर पहिल्या मागणीला, हसत द्या. द्यायचं नसेल तर पहिल्यालाही नाही आणि विसाव्यालाही नाही, आणि हे घरातल्या सगळ्यांनी मिळून आधी ठरवा. भडका उडणार आहे हे धरूनच चाला. तेवढे दिवस निभावता येणार नसतील, तर सुरुवातच करू नका. मी दुसऱ्या दिवशी हरले, त्याची किंमत बाकाने मोजली. आणि कुणाला मोजून बघायचं असेल, तर बी विंगमध्ये या. चिंचोक्यांच्या त्या दोन्ही डब्या अजून माझ्याकडे आहेत.