फॉर्म देण्याआधी एकदा पाहा



खाते उघडताना एकदा कागद दिले की काम संपले, असे आपण धरून चालतो. पण ठरावीक वर्षांनी बँक पुन्हा विचारते, "खातेदार तुम्हीच ना? हल्ली राहता कुठे?" याला केवायसी म्हणतात. साध्या, कमी जोखमीच्या खात्याला ही पाळी १० वर्षांनी येते. फॉर्म अर्धवट राहिला, तर पुढे खात्याचा व्यवहार अडू शकतो.

समजा, पेणची एक मुलगी लग्न होऊन रोह्याला गेली. खाते पेणच्या बँकेत आहे. खाते आणि आधार, दोन्ही माहेरच्या नावाने आहेत. जुलै महिन्यात तिने फॉर्म भरला. तो आपण वाचू.

नावाच्या जागी तिने सासरचे नाव लिहिले आहे. बँकेच्या वहीत एक नाव, फॉर्मवर दुसरे. मग बँकेने ओळखायचे कसे? लग्न झाले म्हणून नाव बदललेच पाहिजे, असा कायदा नाही. तेव्हा आधारवर आहे तेच नाव अक्षरन् अक्षर लिहावे. नाव बदलायचेच असेल, तर लग्नाच्या नोंदणीचा सरकारी दाखला जोडावा.

आता खालचे चौकोन पाहू. तिने 'काही बदल नाही' यावर खूण केली आहे, आणि पत्ता मात्र रोह्याचा लिहिला आहे! या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही. खूण 'फक्त पत्ता बदलला' यावर हवी. पत्ता बदलला, तर तसे स्वतः लिहून दिलेले चालते. त्यालाच निवेदन म्हणतात. रिझर्व्ह बँकेचाच तसा नियम आहे. मग बँक २ महिन्यांच्या आत पत्र पाठवून किंवा माणूस पाठवून खात्री करते. म्हणून घर नंबर, आळी, पिनकोड, सारे नीट लिहावे. नुसते 'मु. पो. रोहा' लिहिले, तर पत्र परत जायचे.

बँकेला वाटल्यास ती पत्त्याचा पुरावाही मागू शकते. तिने विजेचे बिल जोडले आहे, पण ते मार्चचे आहे. बिल २ महिन्यांपेक्षा जुने चालत नाही. शिवाय ते सासऱ्यांच्या नावावर आहे. त्यावरून ही तिथे राहते, हे कसे कळावे? त्यापेक्षा आधारवर रोह्याचा पत्ता लावून घ्यावा, हे बरे. स्वतःच्या नावाचे ताजे बिल असले, तरी तो थोड्या दिवसांचा आधार. पुढे ३ महिन्यांत नव्या पत्त्याचे ओळखपत्र द्यावेच लागते.

शेवटचे पान तर कोरेच आहे. वर सारे लिहिले, पण निवेदनाखाली सही नाही, तारीख नाही. पॅन नसेल, तर त्याबद्दलचे निवेदन वेगळे असते. तेही राहिले आहे. घाईत पान उलटायचे राहते, आणि बहुतेकदा इथेच फॉर्म परत येतो.

हे सारे दुरुस्त करून तिने फॉर्म द्यावा, आणि तारखेची पोच हातात घेऊनच पेणहून परतावे.