ताप उतरला म्हणजे फ्लू संपला का? ऑफिसला किंवा शाळेत परत कधी जायचं?

नेहमीप्रमाणे हा भाग ऐकायला वेळ नसणाऱ्यांसाठी लिहून काढलाय. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त माझं खोकणं एडिट केलंय. हो, खोकणं. कारण मागचे दोन आठवडे मी फ्लूमध्ये होतो आणि आजचा विषय तिथूनच आलाय.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. मी कोड लिहितो. पण या वेळी माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती नेमकी कुठे झाली हे शोधताना जे कळलं, ते तुम्हाला उपयोगी पडेल असं वाटतं.

तर झालं असं. रविवारी संध्याकाळी मला एकदम थंडी वाजून ताप आला. साधी सर्दी हळूहळू चढते, आधी नाक, मग घसा. फ्लूचं तसं नसतं. दुपारी चारला मी क्रिकेट बघत होतो आणि सातला ब्लँकेटमध्ये, अंग असं मोडून आलेलं की कूस बदलायचा कंटाळा. १०२ ताप. सोमवार-मंगळवार घरीच होतो. बुधवारी आमचा क्लायंट डेमो होता आणि त्याचा अर्धा भाग माझ्याकडे. सकाळी थर्मामीटर लावला तर ९८.६. म्हटलं झालं, बरा झालो. गेलो.

दुपारी साडेतीनला मीटिंग रूममध्ये मला परत थंडी वाजायला लागली. एसीमुळे असेल असं स्वतःला समजावलं. घरी येऊन बघितलं तर १०१.

शुक्रवारी रात्री माझ्या शेजारी बसणाऱ्या टीममेटला ताप आला. बुधवारी आम्ही एकाच टेबलवर डबा खाल्ला होता. पुढे दोन दिवसांनी त्याच्या आईला. काकू अडुसष्ट वर्षांच्या, आधीपासून दम्याचा त्रास. त्यांना चार दिवस हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं, ऑक्सिजनवर. आता त्या घरी आहेत, ठीक आहेत. हे माझ्यामुळेच झालं असं मी सिद्ध करू शकत नाही, त्याला लिफ्टमध्येही कुणाकडून लागण झाली असेल. पण फ्लूचा विषाणू शरीरात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत एक ते चार दिवस लागतात, सरासरी दोन. बुधवार ते शुक्रवार, दोन दिवस. हिशोब फारच नीट जुळतो.

मग चूक कुठे झाली? बुधवारी सकाळचं ते ९८.६ खोटं नव्हतं. थर्मामीटर बरोबर होता. पण मी सकाळी सातला मेडिकलमधून आणलेली सर्दीची गोळी घेतली होती. नाक मोकळं व्हावं म्हणून. नंतर पाकिटाची मागची बाजू वाचली, त्या बारीक अक्षरांत काय लिहिलेलं? पॅरासिटामॉल. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये ते असतंच. पॅरासिटामॉलचा असर साधारण चार ते सहा तास टिकतो. म्हणजे ताप गेला नव्हता, गोळीने दाबून ठेवला होता. विषाणूवर पॅरासिटामॉल काहीच करत नाही. तो आपला नाकाघशात आरामात वाढत होता.

(जाता जाता एक. सर्दीची गोळी आणि वर तापाची वेगळी गोळी, असं दोन्ही घेतलं तर पॅरासिटामॉल दुप्पट पोटात जातं आणि ते लिव्हरला झेपत नाही. पाकीट वाचा.)

आता मुख्य प्रश्न. फ्लू झालेला माणूस दुसऱ्याला किती दिवस देऊ शकतो?

दिवस मोजताना ज्या दिवशी लक्षणं सुरू झाली तो शून्यावा दिवस धरायचा. प्रोग्रामर लोकांना हे वेगळं सांगायला नको. माझा रविवार शून्य. बहुतेक मोठ्या माणसांमध्ये विषाणू बाहेर पडायला लक्षणांच्या साधारण एक दिवस आधीपासून सुरुवात होते आणि ते पाच ते सात दिवसांपर्यंत चालू राहतं. पण हे सगळे दिवस सारखे नसतात. पहिले तीन दिवस सगळ्यात जास्त, आणि मग ते उतरत जातं. म्हणजे माझा बुधवार, तिसरा दिवस, वरही ताप चालू. जायला इतका वाईट दिवस शोधूनही सापडला नसता.

लक्षणांच्या आधीचा तो एक दिवस आपल्या हातात नसतो. शनिवारी मी कुणाला काय दिलं, मला माहीत नाही आणि माहीत असणं शक्यही नव्हतं. हातात असतो तो नंतरचा भाग.

त्यासाठीचा नियम अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने, असा मांडलाय. परत कामावर किंवा शाळेत जायच्या आधी किमान २४ तास दोन्ही गोष्टी खऱ्या असाव्यात. एक, तापाचं औषध न घेता ताप नाही. दोन, एकूण तब्येत सुधारतेय. आणि त्यानंतरचे पाच दिवस जरा जपून राहायचं, कारण ताप गेला तरी थोडा विषाणू बाहेर पडत असू शकतो. 'औषध न घेता' हे तीन शब्द मी गाळले होते.

ऐकायला सोपं आहे, पण प्रत्यक्ष मोजताना लोक गोंधळतात. माझ्या ताईचंच बघा. मी आजारी असतानाच तिचा फोन आला, भाचीला पण फ्लू. सहा वर्षांची आहे, पहिलीत. शनिवारी रात्री ताप आला.

बुधवारी सकाळी ताई म्हणाली, "अरे, आज नॉर्मल आहे. उद्या पाठवू का शाळेत? चाचणी परीक्षा आहे."

मी विचारलं, "शेवटचं सिरप कधी दिलंस?"

"काल रात्री दहाला."

दहाला दिलेल्या सिरपचा असर पहाटे चारपर्यंत धरू. म्हणजे २४ तासांचं घड्याळ मंगळवारी रात्री नाही, बुधवारी पहाटे चारला सुरू. मी म्हटलं, "आज सिरप देऊ नकोस आणि दर चार-पाच तासांनी मोज. फक्त फार त्रास व्हायला लागला तर दे, पण मग मोजणी परत पहिल्यापासून."

संध्याकाळी सातला १००.८. फ्लूचा ताप संध्याकाळी चढतो हे आपल्या घराघरांत माहीत असतं, तरी सकाळच्या आकड्यावर आपण विश्वास टाकतो. पोरगी रडायला लागली म्हणून ताईने आठला सिरप दिलं, बरोबरच केलं. मुलाला तळमळत ठेवून घड्याळ वाचवायचं नसतं. घड्याळ रीसेट. पहाटे दोनला असर संपला असं धरून गुरुवारी पहाटे दोनपासून नवीन २४ तास. गुरुवारी दिवसभर औषध नाही. संध्याकाळी सातला ९८.८. शुक्रवारी सकाळी ९८.४.

नियमाने शुक्रवारी चाललं असतं. पण दुसरी अट राहिलीच की. पोरगी दोन घास खाऊन परत झोपत होती. याला सुधारणा म्हणवत नाही. ताईने शुक्रवारही घरी ठेवलं, शनिवार-रविवार सुट्टीच होती, सोमवारी पाठवलं. सोमवार म्हणजे नववा दिवस. लहान मुलं मोठ्यांपेक्षा जास्त दिवस विषाणू सोडतात, कधी दहा दिवस किंवा त्याहून जास्त, त्यामुळे हे दोन-तीन दिवस वाया गेले असं मला वाटत नाही. चाचणी परीक्षा बुडाली. बाईंनी नंतर घेतली.

मोजण्याबद्दल थोडं. ताप म्हणजे किती? या नियमासाठी १०० फॅरनहाइट आणि वर. काखेत थर्मामीटर लावला तर आकडा तोंडापेक्षा थोडा कमी येतो, म्हणून काखेतल्या ९९.५ ला "नॉर्मल" म्हणून मोकळं होऊ नका. आणि कपाळावर हात ठेवून बघणं हे मोजणं नाही, आईने ठेवला तरी.

मला बऱ्याच जणांनी विचारलं की तुला अजून खोकला आहे मग तू अजून पसरवतोयस का? नाही. फ्लूनंतर खोकला आणि थकवा दोन आठवडे, कधी त्याहून जास्त रेंगाळतो. विषाणू बहुधा गेलेला असतो, घसा आणि श्वासनळी दुखावलेली राहते. दहाव्या दिवशीच्या कोरड्या खोकल्यासाठी कुणाला घरी बसवायची गरज नाही. उलट गंमत म्हणजे काहींना, विशेषतः वयस्कर लोकांना, फ्लूमध्ये ताप येतच नाही. त्यांना २४ तासांचं घड्याळ लावताच येत नाही. अशांनी लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवस तरी घरी राहिलेलं बरं. आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, केमो चालू आहे, अवयव बदललाय, ते कित्येक आठवडे विषाणू सोडू शकतात. तिथे माझे आकडे वापरू नका, त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

आमच्या एचआरने मला "फ्लू निगेटिव्ह रिपोर्ट आण" असंही सांगितलं. डॉक्टरांनी समजावलं की पीसीआर टेस्ट विषाणूचे मेलेले तुकडेही पकडते, त्यामुळे पसरवण्याची शक्यता संपल्यावरही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यांनी साधं फिटनेस सर्टिफिकेट दिलं. तेवढ्यावर काम झालं.

ऑसेलटामिविर, म्हणजे फ्लूची ती कॅप्सूल, डॉक्टरांनी दिली तर पहिल्या ४८ तासांत सुरू केल्यावर सगळ्यात उपयोगी पडते. आजार साधारण एक दिवसाने कमी होतो. पण पहिली कॅप्सूल घेतली म्हणून दुसऱ्या दिवशी ऑफिस, असं नाही. घड्याळ तेच.

माझं स्वतःचं घड्याळ शेवटी शुक्रवारी रात्री पूर्ण झालं. सोमवारी गेलो, आठवा दिवस. पाच दिवस मास्क लावला, डबा गच्चीत एकट्याने खाल्ला, मीटिंग रूमची खिडकी उघडी ठेवली म्हणून दोघांनी तक्रारही केली. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूमुळे पुण्यातल्या शाळा बंद झाल्या होत्या, तेव्हा आम्ही पोरं रुमाल बांधून फिरायचो आणि ते भारी वाटायचं. आता ऑफिसमध्ये एकटाच मास्क लावून बसलं की लोक खुर्ची लांब सरकवतात. सरकवू दे, तेच तर हवं होतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. ताप जाऊन दोन-तीन दिवस बरं वाटलं आणि मग परत जोरात ताप आला, खोकला वाढला, तर ते घड्याळ रीसेट करून घरी बसायचं प्रकरण नाही. फ्लूनंतर जिवाणूंचा न्यूमोनिया असाच येतो. दम लागणं, छातीत दुखणं, ओठ निळसर होणं, माणूस गुंगीत जाणं, मूल पाणीच न पिणं, यातलं काही दिसलं तर दिवस न मोजता थेट दवाखाना. काकूंच्या बाबतीत टीममेटने दम लागल्याचं पाहून रात्री अकराला रिक्षा केली, सकाळची वाट बघितली नाही.

परवा त्यांना भेटायला गेलो. बुधवारचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "डेमो तरी बरा झाला का रे?" झाला नव्हता. तो पुढच्या आठवड्यावर ढकलला होता.

चला, इथेच थांबतो. तुमच्या ऑफिसमध्ये सिक लीव्हचं काय चित्र आहे ते व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात त्यातल्या काही लावतो.